धुऊन तोललेला बटाटा

अमरावतीच्या शाळेत विज्ञान स्पर्धेची शेवटची फेरी चालू होती. जिंकणारी जोडी अकोल्याच्या विभागीय स्पर्धेला जाणार होती. रागिणी आणि केदार बडनेऱ्याचे, दोघेही नववीत. दहावीच्या मुलांना त्यांची शाळा कुठे पाठवत नसे. त्यामुळे अकोला आता, नाहीतर नाहीच.

परीक्षक मनकर्णाबाईंनी टेबलावर एक बटाटा ठेवला. दोन बटाटे एकमेकांना चिकटून वाढावेत तसा तो होता, मधे खोल खाच. शेजारी कापडाने झाकलेली मिठाच्या पाण्याची बरणी.

"बरणीतल्या पाण्याची घनता एक पूर्णांक शून्य नऊ," बाई म्हणाल्या. "बटाट्याची तुम्ही काढा. मग सांगा, यात तो तरंगेल की बुडेल. उत्तर एकदाच. चुकलं की घरी."

कडेला नळी असलेल्या भांड्यात नळीच्या तोंडापर्यंत साधं पाणी भरलेलं होतं. रागिणीने बटाट्याला दोरा बांधून तो अलगद आत सोडला. बटाटा बुडाला, तेवढं पाणी नळीवाटे मोजपात्रात आलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत केदारने पात्राला हात लावला नाही. मग डोळे पाण्याच्या पातळीशी आणून म्हणाला, "दीडशे मिली."

रागिणीने बटाटा वर काढला, दोरा सोडला आणि बटाटा काट्यावर ठेवला.

"एकशे पासष्ट ग्रॅम."

"भाग दे."

"एक पूर्णांक दहा. नऊपेक्षा जास्त. बुडते." तिने हात वर केला. "बाई!"

"थांब ना!" केदारने तिचा हात खाली ओढला. "काठावरचं आहे. पुन्हा बघू."

"काय बघतं? तुले काट्यावर भरोसा नाही?"

"काट्यावर आहे. तुमच्या घरच्या तोलण्यावर नाही."

रागिणीचे वडील किसनराव बडनेऱ्याच्या बाजारात भाजी विकत. केदारची आई प्रमोदिनीताई वकील. त्या दर आठवड्याला त्यांच्याकडूनच भाजी घेत.

"काहून, आमच्या तोलण्याले काय झालं?"

"आई म्हणते, किसनरावांचे बटाटे चांगले, पण किलोत एक पेला पाणी येते."

"बाबा माती धुऊन तोलतात! माती कोणाच्या गळ्यात मारावी म्हणतं का तू? तुह्या आईले सांग..."

ती मधेच थांबली. काट्याच्या ताटलीत बटाट्याभोवती पाण्याचं तळं झालं होतं. खाचेतून अजून पाणी झिरपत होतं.

"केदार," ती हळूच म्हणाली, "मी बी धुऊन तोलला."

"म्हणजे?"

"ताटलीतलं पाणी बी वजनात आलं ना बाप्पा! दीडशे मिली नुसत्या बटाट्याचे, अन् वजन बटाट्याचं अन् पाण्याचं. आधी कोरडा तोलाले पाहिजे होता."

केदारने टाळी दिली. "मग पूस! पूस लवकर!"

"बाई, पुन्हा तोललं तर चालते का?"

मनकर्णाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "उत्तर सांगेपर्यंत बटाटा तुमचा."

केदारचा रुमाल बाहेर आला. रागिणीने बटाटा पुसला, रुमालाच्या टोकाला पीळ देऊन ते खाचेत फिरवलं, तोवर केदारने ताटली कोरडी केली. काट्यावर आकडा आला: एकशे बासष्ट.

"एकशे बासष्ट भागिले दीडशे... एक पूर्णांक शून्य आठ!" केदार म्हणाला. "नऊपेक्षा कमी!"

"तरंगते, बाई!" रागिणी ओरडली. "पण लय वर नाही येणार. जरासाच."

बाईंनी कापड काढलं. रागिणीने बटाटा पाण्याखाली नेऊन सोडला. क्षणभर तो होता तिथेच राहिला. मग सावकाश वर सरकला आणि अंगठ्याच्या नखाएवढा पृष्ठभागाबाहेर येऊन थांबला.

"आला!" केदारने टेबलावर हात आपटला. बरणी हिंदकळली, बटाटा डुलला, पण बुडाला नाही.

"टेबल फोडू नका," मनकर्णाबाई हसत म्हणाल्या. "अकोल्यालाही टेबलं आहेत."

पुढच्या बाजारी प्रमोदिनीताई पिशवी घेऊन आल्या. किसनरावांनी बटाटे धुतले, तागडीत टाकायला गेले आणि मागून आवाज आला.

"बाबा! पुसून!"

किसनरावांनी खांद्यावरचा गमछा काढला. "पाहा वकीलबाई, अकोल्याले जाऊन राहिली तर आतापासूनच साहेबीण झाली." ते एकेक बटाटा पुसू लागले. किलो भरायला आणखी एक बटाटा टाकावा लागला.

तागडीकडे बघत प्रमोदिनीताई म्हणाल्या, "रागिणी, वांग्यांचंही बघ गं जरा."

"वांगी तर तशीच तरंगतात, काकू," रागिणी म्हणाली. "पण पुसून देते."