पंचमीची कॅसेट

व्हिडिओ सांगलीकडे येऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. लग्नात कॅमेऱ्याच्या दिव्याखाली सगळं वऱ्हाड घामाघूम व्हायचं आणि तरी दिवा आपल्याकडे वळला की पदर सारखा करायचं. माधवनगरात मोहिद्दीनचं व्हिडिओचं दुकान होतं. शूटिंग तो करायचा, एडिटिंगही तोच करायचा, आणि गिऱ्हाइकांना पत्रं मात्र त्याची बायको शमशाद लिहायची. मराठी शाळेत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं.

त्या दिवशी तिला जे पत्र लिहायचं होतं ते मात्र जड जात होतं.

लग्न होतं कवठे महांकाळच्या अलीकडच्या एका गावातलं. नवरामुलगा जोतीराम पलटणीत. हळद उतरायच्या आत त्याला बोलावणं आलं आणि तो श्रीलंकेत गेला. नवी नवरी चंद्रा सासरीच राहिली. नवऱ्याचा सहवास मिळून एका आठवड्याचा. जोतीरामची आई रंगूबाई लग्नाच्या मांडवातच मोहिद्दीनला म्हणाली होती, "माझी सून पंचमीला माहेराला जाणार. तवा तिच्या पिशवीत ही कॅसेट पायजे. तिच्या घरच्यांनी जावई धड बघितला न्हाई अजून."

"पंचमीला म्हणजे पंचमीला, मावशी," मोहिद्दीनने शब्द दिला होता.

आणि आता पंचमी तोंडावर आली होती. दोन मशीन शेजारी ठेवून एकावर मूळ कॅसेट लावायची, दुसऱ्यावर हवा तेवढाच भाग उतरवून घ्यायचा, असं ते काम. वरातीचा भाग उतरवताना पहिल्या मशीनने फीत आत ओढली. बाहेर काढली तेव्हा ती चुरगळलेल्या लुगड्याच्या काठासारखी झाली होती. मोहिद्दीनने कॅसेटचे स्क्रू काढले, खराब तुकडा कापला, उरलेली दोन टोकं जोडली. पण त्या जोडावरून मशीन चालवायचं नव्हतं, जोडाच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग वेगवेगळा उतरवावा लागणार होता. त्यात फितीवरचं चित्र वाचणारं मशीनचं हेडही गेलेलं. ते मुंबईहून यायचं होतं.

"लिही की," तो म्हणाला. "खरं तेच लिही."

"खरंच लिहिते आवं. पण त्या म्हाताऱ्या बाईला हेड म्हणजे काय कळणार?"

"पत्र आप्पासो वाचणार. तिचा दीर. त्याला ट्रॅक्टर कळतो, हेड कळंल."

शमशादने कार्डावर लिहिलं:

'श्री. आप्पासो यांस, सप्रेम नमस्कार. चि. जोतीराम यांच्या लग्नाची कॅसेट नागपंचमीस देण्याचे आम्ही कबूल केले होते. एडिटिंग चालू असता मूळ फीत मशीनमध्ये अडकली. वरातीचा थोडा भाग खराब झाला आहे. हळद, अक्षता व सप्तपदी पूर्ण शाबूत आहेत. मशीनचे हेड मुंबईहून यावयाचे आहे. तरी गौरी बसण्याच्या आत मी स्वतः कॅसेट घेऊन येतो. शब्द मोडला याचे वाईट वाटते. रंगूमावशींना सांगावे. आपला, मोहिद्दीन.'

कार्ड तिने मोहिद्दीनच्या टेबलावर वाचायला ठेवलं. टेबलावर नेहमीसारख्या एकेका कॅसेटच्या कामाच्या चिठ्ठ्या पसरलेल्या. मोहिद्दीनची एक रीत होती. कॅसेट भरून झाली की तिच्या पाठीवरची इवलीशी प्लास्टिकची पट्टी तो स्क्रू-ड्रायव्हरने मोडायचा. ती मोडली की त्या कॅसेटवर चुकूनसुद्धा दुसरं काही भरलं जात नाही. तो म्हणायचा, कॅसेटचा कान मोडला. आणि कान मोडल्याची खूण म्हणून तिच्या चिठ्ठीचाही कोपरा टरकन फाडायचा. म्हणजे हे काम बघून झालं. हाताला इतकी सवय की डोळे दुसरीकडे असले तरी चालायचं.

शमशाद चुलीकडे गेली. मोहिद्दीनने कार्ड वाचलं, "बरोबर हाय" म्हणाला आणि मुंबईच्या दुकानाला ट्रंककॉल लावायला निघाला तेव्हा जाता जाता पेटीत टाकून आला.

पंचमीच्या दोन दिवस आधी आप्पासो दुकानात आले. शमशाद एकटीच होती. आप्पासोंच्या डोक्याला फेटा नव्हता, पायात वहाणा नव्हत्या. तिला वाटलं, कॅसेटचं भांडायला आले.

"बसा काका. पत्र मिळालं का?"

"मिळालं." त्यांनी खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "हे तुमीच धाडलं न्हवं? अक्षर बाईमाणसाचं दिसतंय."

शमशादने कार्डाकडे पाहिलं. कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला होता.

कुणी गेल्याचं पत्र असंच यायचं. कोपरा फाडलेलं. ते घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि फाडून टाकायचं. लहान पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट.

"काका," ती कशीबशी म्हणाली, "हे... हे आमचे हे..."

"पोस्टमन दाराच्या फटीत खोवून गेला," आप्पासो सांगत होते, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरातलं. "मी मळ्यात. घरात वाचणारं कोण न्हाई. वहिनीनं कोपरा बघितला आणि जोतीरामाच्या नावानं हंबरडा फोडला. आळी जमली. म्या पोचतोय तवर शेजारच्या मनुबाईनं आमच्या सुनंच्या बांगड्या दगडावर फोडल्या हुत्या. लग्नाचा हिरवा चुडा, बाई! कपाळ पुसलं हुतं पोरीचं. आणि म्या कार्ड वाचतोय तर त्यात मशीनचं हेड!"

"मिलिटरीची तार येते, काका. कार्ड नाही येत."

"हे आता सुचतंय. तवा कुणाच्या डोक्यात येणार?"

तेवढ्यात मोहिद्दीन आत आला. त्याने कार्ड पाहिलं, मग टेबलावरच्या कोपरे फाटलेल्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि उभ्या उभ्या भिंतीला टेकला. "मीच," एवढंच तो बोलला. आप्पासोंनी शिवी द्यायला तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा बघून मिटलं.

तिघं मिळेल त्या एसटीने गेले. शमशादने मिरजेत उतरून हिरव्या बांगड्या घेतल्या होत्या.

रंगूबाई सोप्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. मुलगा जिता आहे हे तिला सांगून झालं होतं, कार्ड वाचून दाखवून झालं होतं, पण ती तोंड वळवायला तयार नव्हती. चंद्रा चौकटीशी उभी. कपाळावर नवं कुंकू जाड भरलेलं, मनगटं मात्र मोकळी. त्यांवर काचेचे लाल ओरखडे.

मोहिद्दीन रंगूबाईच्या पुढ्यात खाली बसला. "मावशी, चुकी माझ्या हाताची हाय. पत्रात हिनं बिचारीनं खरंच लिवलंय. गौरीला नको, मी आठ दिवसांत दुसऱ्याचं मशीन आणून कॅसेट पुरी करतो. तुमी म्हणाल त्या दिवशी आणतो."

रंगूबाई वळली. "तारीख तू कोण रं सांगणार?"



"एवढा वेळ म्या त्याला मेलेला बघितलाय," तीच पुढे म्हणाली. "डोळ्यापुढनं जाईना झालाय. आता तू त्याला डब्यात हलताना दाखवणार, हसताना दाखवणार. आणि मला कसं कळावं, ह्यो जिता हाय का नुसतं चित्र हाय? कळंल मला? सांग की."

शमशादने बांगड्यांची पुडी पुढे केली. "मावशी, निदान ह्या तरी सूनबाईंना..."

"ठिवा तितं." मग तिचा आवाज जरा उतरला. "त्याच्या हातचं पत्र येऊ दे. वाचाया येत न्हाई तरी त्याचं अक्षर ही पोरगी नजरंनं वळखती, लग्नात चिठ्ठी दिल्याली तिला. ती म्हणंल ह्यो त्योच, तवा मी माझ्या हातानं तिचा चुडा भरीन. त्याच दिवशी तुझी कॅसेट आण. त्याच्या आत माझ्या उंबऱ्यात आणू नगंस."

"पंचमीला माहेराला?" आप्पासोंनी हळूच विचारलं.

"मी न्हाई जात," चंद्रा म्हणाली. आल्यापासून तिचा आवाज शमशादने पहिल्यांदाच ऐकला. "मोकळ्या हातानं माहेराला जाऊन काय सांगू?"

तिने पुडी उचलली आणि न सोडताच देवळीत ठेवली. मोहिद्दीन अजून खालीच बसलेला होता. शेवटी रंगूबाईच म्हणाली, "ऊठ आता. एसटी जाईल."