उघडा राहिलेला जोड

“उघडलाऽऽ!” बाबांची हाक भिंतीवरून सरसरत गच्चीवर यायची. मापं झाली की दुसरी, “लावलाऽऽ!” विजेपासून इमारती वाचवणाऱ्या पट्ट्या तपासायचं काम बाबा, दादा आणि ती मिळून करायची. तिच्या कानात ती हाक अजून घुमत होती. बाबा गेले, हाका थांबल्या. बहीण-भावाचं बोलणंच बंद होतं, मग हाका मारणार कोण?

इमारतीच्या माथ्यावर विजेला झेलणारी टोकदार सळई, तिथून भिंतीवरून उतरणारी तांब्याची पट्टी, आणि खाली वीज जमिनीत मुरवणारा अर्थिंगचा खड्डा. छातीच्या उंचीवर पट्टीचा एक जोड. खड्डा वीज किती सहज जमिनीत सोडतो, याचं एकट्याचं माप घ्यायचं तर तो जोड खोलायचा, मग घट्ट आवळायचा. गेल्या खेपेला तिनं तो खोलला, माप घेतलं, आकडा उत्तम आला. दादा उतरून लावेल असं तिला वाटलं. तिनं लावलाच असेल असं दादाला वाटलं. त्यानं उतरून, आत न बघताच जोडावरचं झाकण बसवलं.

मग वादळ आलं. वीज सळईवर पडली, पट्टीवरून उतरली, आणि जमिनीची वाट तुटलेली पाहून शेजारच्या नळाच्या लोखंडी पाइपवर उडाली. रखवालदारीण मावशी नळाशी भांडी घासत होत्या. जीव वाचला, डावा कान गेला.

आज दोघं त्याच भिंतीशी उभी होती. काळवंडलेली टोकं कापून त्यांनी नवा तुकडा बसवला होता. तो पाइप आता वेगळ्या पट्टीनं त्याच खड्ड्याला जोडायचा होता, म्हणजे पुन्हा उडी मारायचं कारणच राहणार नव्हतं.

“उजवीकडून बोला गं,” मावशी हसल्या. “डाव्या कानात आता नवऱ्याची कटकट शिरत नाही, तेवढंच सुख!”

तिला हसू आलं नाही.

मावशी आत गेल्या. दादा पाइप खरवडत होता, लोखंड चकचकीत होईपर्यंत. तिनं जोडाचा बोल्ट आवळला आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

“लावला. तूही ओढून बघ.”

त्यानं पट्टी ओढून पाहिली. घट्ट होती. त्याचा हात तिथंच राहिला.

“आपल्या अबोल्यानं त्या बाईचा कान खाल्ला रे, दादा.”

“माहीत आहे.”

“मग बोल ना! बाबा जाताना मला का नाही बोलावलंस? जिवंतपणी तोंड पाहायलाही मिळालं नाही मला.”

“तू विचारलंसच कुठे? आलीस, आणि तोंड फिरवलंस.” त्यानं पाना खाली ठेवला. “मी फोन हातात घेतला होता, चिमणे. बाबांनीच मनगट धरलं. म्हणाले, ती उंच छपरावर आहे. आत्ता सांगितलंस तर घाईनं उतरेल, पाय निसटेल. आधी तिला जमिनीवर येऊ दे.”