उलट बाजू घेणारा माणूस

वाटीच्या काठावर दह्याचा एक थेंब अडकला होता, धड आत नाही आणि धड बाहेरही नाही, आणि कँटीनची नरसम्मा विचारत होती, "मॅडम, दही ठेवूं की मज्जिगा?" बहुधा दुसऱ्यांदा विचारत होती. दही की ताक – वैशालीला प्रश्न कळत होता, उत्तर तेवढं येत नव्हतं.

"काहीही ठेव."

"काहीही कैसा मॅडम? बोलना पडता ना!" नरसम्मा हसली आणि दोन्ही ठेवून गेली.

बोलना पडता. सकाळपासून तेच चाललं होतं. अतिदक्षता विभागात खाट एक आणि तिच्यासाठी रुग्ण दोन. दोन परिचारिकांना एकाच आठवड्यात रजा हवी, एकीच्या बहिणीचं लग्न, दुसरीच्या आईची केमोथेरपी. लिफ्टची दुरुस्ती ओपीडीच्या वेळात करायची की रुग्णांना झोपेतून उठवून... पहिल्या दोन-चार प्रश्नांना तिनं नीट उलटसुलट बघून उत्तरं दिली होती. नंतरची उत्तरं आपोआप येत गेली. दुपारनंतर आपण 'हो' म्हणतो ते पटलं म्हणून नव्हे, समोरचा माणूस खोलीतून लवकर जावा म्हणून, हे तिला ठाऊक होतं. आणि 'हो' म्हणायचा धीर झाला नाही तर 'उद्या बघू'. डॉ. वैशाली कंधारकर, कोठी भागातल्या या ट्रस्टच्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षक – उद्या बघू.

एकच गोष्ट उद्यावर जात नव्हती. दरवर्षी या आठवड्यात प्रत्येक सर्जनच्या शस्त्रक्रिया करण्याच्या परवानगीचं नूतनीकरण होई. संगणकावर सगळ्यांच्या नावापुढे 'पूर्ववत' असं आधीच उमटलेलं असे. संध्याकाळपर्यंत कुणी हात लावला नाही, तर ते तसंच कायम होई. एकोणीस नावं वाचून झाली होती. विसावं अविनाश परतूरकर.

अविनाशचा उजवा हात थरथरायला लागला होता. भूलतज्ज्ञ तिला खासगीत सांगून गेला, शस्त्रक्रियागृहातली सिस्टर वेगळं येऊन सांगून गेली, आणि गेल्या महिन्यात पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशनमध्ये पित्तनलिकेला इजा झाली. रुग्ण वाचला, दुसरं ऑपरेशन होऊन घरीही गेला. अशी इजा स्थिर हातांकडूनही होते, हे वैशालीला माहीत होतं, तीही सर्जनच. तिघांच्या समितीनं चौकशी केली, चहा घेतला आणि लिहिलं : 'अंतिम निर्णय अधीक्षकांनी घ्यावा.' उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन अविनाशचंच होतं. चौतीस वर्षांची बाई. पित्ताशय.

विचारायचं कुणाला? उपअधीक्षक सुमितला विचारावं, तर तो आधी तिचा चेहरा वाचणार आणि मग तिच्याच मनातलं तिला सांगणार. मागं एकदा ती नुसतं म्हणाली होती, हा व्हरांडा उदास वाटतो – तर आठवड्याभरात भिंती पोपटी! या खुर्चीवरून प्रश्न विचारता येत नाही. विचारला की तो हुकूम होऊन खाली जातो. विश्वस्तांजवळ 'मला कळत नाही' म्हणावं, तर ते वाक्य पुढच्या बैठकीत तिच्या आधी जाऊन बसणार. आणि घरी, बरकतपुऱ्यात, नवरा, गिरीश. त्याला काल सांगायला घेतलं, तर पेपर खाली न ठेवता म्हणाला, "तुला जमतं गं सगळं. आजवर कधी अडलंय का?" तो कौतुकानंच म्हणाला. त्यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

अडायचं... पूर्वी अडायचं, आणि किती छान अडायचं! ती आणि अविनाश दोघंही रजिस्ट्रार होते, ड्युटीच्या खोलीत एकच टेबल, आणि पेचातली केस आली की त्यांचा एक रिवाज होता. अडलेला आपलं मत सांगणार. दुसऱ्यानं – त्याला स्वतःला काहीही वाटत असो – उलट बाजू घ्यायची, आणि जीव तोडून लढवायची. "पोट उघडावं," ती म्हणायची. "मुळीच नको," अविनाश म्हणायचा, आणि न उघडण्याची अशी काही कारणं काढायचा की तिला स्वतःचं म्हणणं प्रथमच नीट दिसायचं. हरलं कोण, याचा हिशेब नव्हता. मग ती या खुर्चीवर आली आणि अविनाश तिला चारचौघांत 'मॅडम' म्हणू लागला, पुढे एकांतातही. भांडण वगैरे काही नाही. त्याच्या रजेच्या अर्जावर तिची सही असे, इतकंच.

या माणसाबद्दल या माणसालाच विचारावं, असं तिला वाटलं आणि ते किती चूक आहे हेही तत्क्षणी कळलं. तरी तिनं फोन उचलला होता.

"बोलावलंत, मॅडम?" तो दारात उभा. हात एप्रनच्या खिशात.

"बस ना. चहा?"

"ओपीडीत झाला. दोनदा." तो बसला. "चेहरा काय झालाय तुमचा! जेवलात का?"

"अविनाश, उलट बाजू घेशील?"

तो थोडा हसला. "किती वर्षांनी... सांगा."

"एक सर्जन आहे." तिनं नाव घेतलं नाही, घ्यायची गरज नव्हती. "माझं मत, त्याला चालू ठेवावं. पूर्ववत."

शब्द बाहेर पडले आणि मग तिला उमगलं, आपण काय केलं ते. 'थांबवावं' म्हटलं असतं, तर रिवाजाप्रमाणे तो स्वतःसाठी लढला असता. थकलेल्या मनानं प्रेमाची बाजू स्वतःकडे घेतली होती आणि सुरी त्याच्या हातात दिली होती.

अविनाशनं टेबलावरचा पेपरवेट न्याहाळला. मग सावकाश, जुन्या सुरात बोलू लागला.

"मुळीच नको. पहिली गोष्ट, त्या ऑपरेशनला लागलेला वेळ बघ. घाई नव्हती, रक्तस्राव नव्हता, तरी दुप्पट. म्हणजे हाताला आधीच कळलं होतं. दुसरी, आजूबाजूचे लोक त्याला सांभाळून घेतात. सिस्टर हत्यार हातात देताना अंमळ जास्त धरून ठेवते. हे त्याला दिसतं आणि दिसलं नाही असं तो दाखवतो. हे सगळ्यात वाईट. तिसरी..." तो थांबला. "अगं, त्याची बाजू तुझ्याकडे आहे. तू लढव की! गप्प काय बसलीस?"

अगं. किती वर्षांनी कुणी तिला इथं, या खोलीत, अगं म्हटलं होतं.

"त्याचा अनुभव," ती म्हणाली. "त्याला शिकवायला, ओपीडीला..."

"म्हणजे ऑपरेशन नकोच. ती माझी बाजू झाली. तुझी नाही. पूर्वी बरी भांडायचीस."

"अविनाश, हे तू रिवाज म्हणून बोललास की खरं?"

"ते विचारायचं नसतं, वैशाली. तेवढाच तर नियम होता." तो उठला. दाराशी पोचल्यावर मागं न वळता म्हणाला, "उद्याची बाई रात्रीपासून उपाशी राहणार. काय ते आजच सांगा, मॅडम."

दार लागलं. संध्याकाळ व्हायला अवकाश होता. पडद्यावर विसाव्या नावापुढे 'पूर्ववत' तसंच होतं. बदलायला एक बोट पुरेसं. तिनं उजवा हात समोर धरून पाहिला – स्थिर होता, निर्लज्जासारखा स्थिर. दिवसभराचा तो चिकट थकवा आता जाणवत नव्हता. त्या जागी काहीतरी लख्ख, दुखरं, जागं झालेलं होतं. काय करायचं ते तिला जवळजवळ कळलं होतं आणि त्याची तिला भीती वाटत नव्हती. ते करून झाल्यावर, ते बरोबर होतं का, हे भांडून सांगणारं कुणी उरणार नाही – मन तिथं अडलं होतं. आणि त्याही आत, लहान मुलीच्या हट्टासारखं, तिला एवढंच हवं होतं की त्यानं परत यावं, 'मॅडम' न म्हणता बसावं, आणि ती जे म्हणेल त्याला, मग ते काहीही असो, मुळीच नको म्हणावं.