लेकाच्या पॉलिसीतली आई

विमा एजंटानं खरं सांगितलं तर माणसं त्याचं काय करतील, याचा नेम नसतो. मोहनरावांनी बावड्याच्या कुशाबाईंना खरं सांगितलं होतं.

कुशाबाई ऋषिराजला, म्हणजे एमआयडीसीत मशीनवर काम करणाऱ्या लेकाला, किडनी देणार होत्या. भावकीला एकच घोर, म्हातारीच्या ऑपरेशनचं बिल कोण भरणार?

"ज्याला अवयव मिळतो, त्याच्या पॉलिसीत देणाऱ्याचा दवाखाना बसतो," मोहनराव म्हणाले. "मावशी, तुमचं बिल ऋषीच्या पॉलिसीतनं."

"म्हंजी त्याच्याच रकमेतनं?"

"व्हय. ठरलेली रक्कम एकच, दोघांचं त्यातच भागवायचं."

कुशाबाईंनी मान डोलावली. म्हातारीला काही कळलं नसावं, असं सगळ्यांना वाटलं.

पुण्यात दोन्ही ऑपरेशनं नीट झाली. डॉक्टर रोज विचारत, दुखतंय का? कुशाबाई रोज म्हणत, न्हाय. राऊंडच्या वेळी ताठ चालून दाखवत, मग पलंगावर ओठ चावून पडत. सून राजनंदिनीला दम भरलेला होता, "मी हितं जितकं पडून राहीन, तितकं लेकराच्या ताटातलं जाईल. बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." अशी गुणी पेशंट पाहून दवाखान्यानं त्यांना लवकर घरी सोडलं. विमा कंपनीनंही त्यांचं बिल बिनतक्रार भरलं. मोहनरावांनी गावच्या ग्रुपवर अभिनंदन टाकलं.

मग कुशाबाईंच्या जखमेत पू झाला. बारामतीला भरती केलं, तोवर तो आत पसरला होता.

मोहनरावांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. अवयव काढण्यासाठीच्या मुक्कामाचा खर्च मिळतो, सर. घरी गेल्यावर दात्याला जे होतं, त्याचा नाही.

"मॅडम, दुखणं तिथंच सुरू झालं होतं."

"कागदावर तक्रार नाही असं आहे. त्याच मुक्कामात सांगितलं असतं, तर बघता आलं असतं."

मास्क लावलेला ऋषिराज शेजारीच उभा होता. "मोहनतात्या, माझ्या पॉलिसीत रक्कम उरलीय ना?"

"हाय की."

"मग ती आईला लावा."

"ती तुझ्या आजारपणाला. आईचं नाव पॉलिसीत न्हाय."

"किडनी काढताना होतं की."

"किडनीपुरतं."

ऋषिराज पैशांसाठी फोन करायला बाहेर गेला. डॉक्टरांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, पुन्हा ऑपरेशन करू, पण फार आशा धरू नका.

मोहनराव आत गेले. कुशाबाईंनी डोळे उघडले.

"ऋषीच्या वाटचं उरलंय नव्हं?"

"बरंच उरलंय, मावशी."

"मग झालं."

चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की मोहनरावांना तिथं उभं राहवेना. उरलेली रक्कम वर्ष संपलं की बुडते, आणि पॉलिसीचं वर्ष येत्या महिन्यात संपतंय, एवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही.