डब्याची तारीख, स्कूटरची तारीख

आदिनाथराव स्कूटर ढकलत सर्व्हिस सेंटरात आले ते भांडायच्याच तयारीने. रेल्वेच्या पूर्णा यार्डात डबे तपासण्याची त्यांची वीस वर्षांची नोकरी. त्यामुळे यंत्रातलं आपल्याइतकं पूर्ण्यात कुणालाच कळत नाही, अशी त्यांची खात्री होती. ही खात्री फक्त त्यांच्याच घरी मान्य होती.

"इंजिन खडखडायलंय. गाडी वॉरंटीत हाय. फुकट करून द्या," ते काउंटरवरच्या राजनंदिनीला म्हणाले.

तिने नंबर टाकून पाहिलं. "काका, मागची सर्व्हिस अकराशे पन्नास किलोमीटरला झाली. त्याला तेरा महिने झाले. दोन सर्व्हिस चुकल्या."

"चुकल्या कशा? काटा बघा. सोळाशे नव्वद! तुमची सर्व्हिस तीन हजारांनी."

"तीन हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते. तारखेसकट तीन मेसेज आलेत तुम्हाला."

"मेसेज!" आदिनाथराव मागे बसलेल्या गिऱ्हाइकांकडे वळून हसले. "धंदा नसला की ह्यांना माझी आठवण येते. घर ते स्टेशन, एक किलोमीटर. दिवसभर गाडी सावलीत उभी. उभ्या गाडीला काय झिजतंय, ताई? आमाला नका शिकवू."

राजनंदिनीने मेकॅनिकला डिपस्टिक काढायला लावली. ऑइल कांडीच्या टोकालाच लागलं होतं, तेही चहात दूध पडल्यासारखं.

"एका किलोमीटरात इंजिन तापतच नाही. आतला दमटपणा उडून जात नाही, ऑइलमध्येच मिसळतो. म्हणून महिने मोजतात."

आदिनाथरावांनी ती कांडी पाहिली आणि लगेच नजर वळवली. मग आवाज उतरवून म्हणाले, "बरं, कॉम्प्युटरात मधली एक सर्व्हिस मागच्या तारखेनं टाका. कोण बघायलंय?"

"काका, माझे वडील तुमच्याच यार्डात होते. डबा दुरुस्तीला कारखान्यात कधी परत पाठवायचा, ती रिटर्न डेट डब्यावर रंगवलेली असते ना? ती तारीख उलटून गेलेला डबा तुम्ही गाडीला जोडू देता का?"

"न्हाई! मी तर लगेच 'सिक', म्हंजे नादुरुस्त, अशी खूण मारतो. बाजूला काढतो."

"महिनाभर यार्डात नुसता उभा असला तरी?"

"उभा असला म्हणून काय झालं? तारीख म्हंजे तारी—"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. आदिनाथरावांनी वळून पाहिलं नाही. खिशातला चष्मा काढून पुसला, पण घातला नाही.

"वॉरंटीत बसत नाही," राजनंदिनीने जॉब कार्ड पुढे सरकवलं. "इंजिन खोलावं लागेल. खर्च तुमच्याकडे. इथं सही."

सही करताना त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "पण माझे सहा महिन्यांत तीनशेसुद्धा होत न्हाईत."

"म्हणूनच तुमची तारीखच आधी येणार. दर वेळी."

बारा वाजता ड्यूटी होती. आदिनाथराव उन्हातून पायीच स्टेशनकडे निघाले. वाटेत भेटलेल्या दोघांना त्यांनी सांगितलं, की कंपनीनं गाडी परत मागवली आहे.