समोरून दिसणारी जाळी

समोर राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेने खिडक्यांना सरकती डासजाळी बसवली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याच दिवशी मी जाळीवाल्याला बोलावलं.

"त्यांच्यासारखीच हवी."

"मॅडम, त्यांच्या खिडक्या सरकत्या आहेत. तुमच्या बाहेर उघडतात, म्हणजे जाळी आतूनच लागणार. चुंबकाची लावू, कडी काढायची असली की जाळी ओढून बाजूला करायची. नाहीतर बिजागरीची, आत उघडणारी."

"आतून लावली तर समोरून दिसणार कशी? बाहेरूनच ठोका!"

"मग खिडकी उघडणार नाही."

"ते माझं मी बघीन."

त्याने कपाळाला हात लावला आणि अंगणातून पक्की चौकट ठोकून दिली.

संध्याकाळी जाऊ आलीच. जाळीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"ताई, मला तुमच्या खिडक्यांचा किती हेवा वाटतो! आमच्या सरकत्या, कधीही अर्ध्याच उघडतात. तुमच्याकडे कसा सताड उघड्या खिडकीतून वारा येतो," असं म्हणत तिने कडी काढून खिडकी ढकलली.

झडप जाळीवर धाडकन आपटली.

"पंखा लावते हं," मी म्हटलं.