पंचशील निकाळजे यांची ओळख

फॉर्मवर पंचशील निकाळजे यांचं नाव चौथं होतं. पहिली तीन नावं कॉलेजातल्या पोरांची. मोनाली त्यांची स्वतःची मुलगी, तिच्या वर्गातली अस्मिता, आणि तुकोगंजातला मानस. हॅकेथॉनचा नियम असा होता, की प्रत्येक टीममध्ये कारखान्यात काम करणारा एक माणूस हवा. सांवेर रोडच्या छोट्या कारखान्यांच्या अडचणी सोडवायच्या होत्या, म्हणून. मोनाली घरी येऊन म्हणाली, "पप्पा, तुमचं नाव टाकू का? एक रकाना रिकामा राहतोय."

"टाक," ते म्हणाले. रकाना भरायला आपण लागतो आहोत, यात वाईट वाटून घेण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी असे पुष्कळ रकाने भरले होते.

सांवेर रोडवरच्या पाइपच्या कारखान्यात ते मेंटेनन्स बघायचे. तिथल्या मोटारींची बेअरिंग अचानक जायची आणि अख्खी लाइन बंद पडायची. मुलांनी ठरवलं, की मोबाइलवर मोटारीचा आवाज रेकॉर्ड करायचा आणि बेअरिंग बिघडतंय का ते अ‍ॅपने आधीच सांगायचं. छत्तीस तासांची स्पर्धा. शनिवारी सकाळी सुरू, रविवारी संध्याकाळी निकाल.

शनिवारी दिवसभर पोरं कारखान्यात होती. मोबाइल बेअरिंगपासून वीतभर अंतरावर धरायचा, दहा सेकंद थांबायचं, पुढची मोटार. आवाजाचे सहाशेच्या वर तुकडे जमले. मग मानसने विचारलं, "काका, आता यातला खराब कोणता आणि चांगला कोणता, हे मॉडेलला शिकवायला लागेल ना? मतलब, प्रत्येकावर चिठ्ठी लावावी लागेल."

पंचशील स्टुलावर बसले, हेडफोन लावले आणि डोळे मिटले. "ठीक. ठीक. हा कोरडा, याला ग्रीस नाही. ठीक. हा जाणार." अस्मिता टाइप करत गेली. चहा थंड झाला, कोणाचं लक्ष नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या तुकड्यांवर चिठ्ठ्या लागल्या. रविवारी कारखान्याला सुट्टी असते. सकाळीच जाऊन, मालकाला विचारून, पंचशीलनी 'जाणार' म्हटलेल्या तीन मोटारी उघडून पाहिल्या आणि अकराच्या सुमारास स्कूटरवरून कॉलेजात परत आले.

कॉलेजात रंगीत तालीम चालू होती. शुभदा मॅडम म्हणून एक मार्गदर्शक होत्या, स्वतः सॉफ्टवेअर कंपनीतल्या. हातात मोबाइलचं घड्याळ धरून त्या समोर बसल्या होत्या. मानस बोलत होता.

"नमस्कार, मी मानस, तिसऱ्या वर्षाला आहे, मला लहानपणापासून कॉम्प्युटरची आवड आहे, मी याआधी दोन हॅकेथॉन..."

"थांब," मॅडम म्हणाल्या. "तीन मिनिटं आहेत. ओळखीतच एक मिनिट दहा सेकंद गेले. आवड घरी ठेव. प्रत्येकाचं एक वाक्य, त्यात त्याने या कामात काय केलं ते. बाकी परीक्षकांना नको असतं."

मॅडम पुढच्या टीमकडे गेल्या. मुलं वाक्यं जुळवायला बसली आणि सगळ्यांचं सारखंच वाक्य होत गेलं. मानस टेक्निकल बघतो. अस्मिता डिझाइन बघते. मोनाली मॅनेजमेंट बघते.

"आणि पप्पा?" मोनाली म्हणाली.

"मोनालीचे वडील, यांनी आम्हाला मदत केली," मानस म्हणाला, आणि लगेच त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

"बरोबर आहे की," पंचशील म्हणाले. "तेवढं पुरे." पण स्टुलावरून उठता उठता ते परत बसले. "पण तुमची वाक्यं चुकताहेत भिया. 'बघतो, बघतो' काय? बघायला तर वॉचमनही असतो."

मुलं हसली. ते हसले नाहीत. त्यांना एकदम मिलमधला मुकादम, पंढरीनाथ जॉबर आठवला होता.

"मी मिलमध्ये होतो, तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. मोनालीला एवढंच माहीत होतं. मिल एक्याण्णवच्या हिवाळ्यात बंद पडली, ती त्यानंतर जन्मली होती. "रिंग खात्यात. सुताचं खातं. तिथे एवढा आवाज, की शेजारच्याशीही खुणेने बोलायचं. एकदा मुंबईहून नवे साहेब आले. चालायचे असे भराभरा. जॉबर बरोबर. साहेब एका साच्यावरून, म्हणजे सुताच्या यंत्रावरून, दुसऱ्यावर पोचायच्या आत जॉबरला माणसाची ओळख करून द्यायची. तीही कानात ओरडून. किती बोलणार?"

"एक वाक्य," अस्मिता म्हणाली.

"एक वाक्य. शाम म्हणून माझा दोस्त होता. पंढरीनाथ म्हणाला, 'साहेब, हा शाम. याच्या बाजूला धागा तुटला, तर तुम्ही वळून बघेपर्यंत सांधलेला असतो.' बास. भरलेल्या बाबिणी, म्हणजे सुताची रिळं, उतरवणाऱ्या डॉफर पोरांबद्दल म्हणाला, 'बाबिणी भरल्या आणि ही थांबली, तर पुढचं खातं उपाशी.' त्याची तऱ्हाच ती. हातात काय आहे ते सांगायचं, आणि तो माणूस नसला तर काय अडेल ते सांगायचं."

"आणि तुमच्याबद्दल?" मोनालीने विचारलं.

पंचशीलनी मान खाली घातली. "मी नवा होतो. वीस वर्षांचा. साच्यांना तेल घालायचो, सगळ्यात खालचं काम. मला वाटलं, मला गाळून पुढे जातील. पण पंढरीनाथ थांबला. म्हणाला, 'साहेब, हा पंचशील. हा कानाने तेल घालतो.'"

"मग?"

"मग साहेबही थांबले. म्हणाले, दाखव. मी साच्याला कान लावला, सूत पिळणारी एक चाती दाखवली. ती सुकी होती." गरम तेलाचा आणि कापसाच्या धुळीचा वास, भोंग्याबरोबर फाटकातून उसळणारी माणसं, पहिल्या पाळीनंतर शामच्या डब्यातली लसणाची चटणी, सगळं त्यांना एकदम आठवलं. मिल गेल्यावर शाम देपालपूरला धान्याच्या बाजारात गेला, पंढरीनाथ गावी गेला. सांवेर रोडवर नोकरी मागायला गेले, तेव्हा पंचशीलना विचारलं, काय येतं. त्यांनी सांगितलं, हेल्पर. तेच पुढे सत्तावीस वर्षं तोंडात बसलं.

"चला," ते म्हणाले, "लिहा. मानस नसला तर काय अडेल?"

मुलं कामाला लागली. एकमेकांना नसल्यासारखं धरून बोलायला त्यांना मजा यायला लागली. मानसचं वाक्य झालं, अस्मिताचं झालं, मोनालीचं झालं. आपलं वाक्य पंचशीलनी लिहूच दिलं नाही. "मोनालीचे वडील, मदत केली. छोटं आहे, वेळ वाचेल."

दुपारी तीनला त्यांचा नंबर लागला. हॉलमध्ये सव्वाशे-दीडशे माणसं, पुढे तीन परीक्षक. नियमाप्रमाणे चौघांनाही स्टेजवर उभं राहायचं होतं. पंचशील कडेला उभे राहिले, हात मागे बांधून. इस्त्रीचा शर्ट होता, पण सकाळच्या मोटारींचं ग्रीस नखांत राहिलं होतं, म्हणून हात मागे.

मोनालीने आधी अडचण सांगितली. एक बेअरिंग जातं आणि लाइन पाच तास बंद राहते. मग हिंदीतच ओळखी.

"हा मानस. आवाजाचं चित्र करून ते ओळखायला शिकणारं मॉडेल याने बनवलं, हा नसता तर आमच्याकडे फक्त गोंगाट असता. ही अस्मिता. तिने स्क्रीनवर तीनच रंग ठेवले, नाहीतर ऑपरेटरला हे अ‍ॅप वाचायला इंजिनिअर बोलवावा लागला असता. मी मोनाली. कोणत्या मोटारीचं, किती अंतरावरून, किती रेकॉर्डिंग घ्यायचं ते मी ठरवलं, त्याशिवाय दोन आवाजांची तुलनाच झाली नसती."

मग ती वळली. पंचशीलनी मान हलवली, ठरलेलं बोल म्हणून.

"आणि हे पंचशील निकाळजे," ती म्हणाली. 'माझे वडील' म्हणाली नाही. "सहाशे बारा आवाज ऐकून कोणती मोटार बिघडलेली आहे हे यांनी मॉडेलला शिकवलं, आणि हे नसते तर मॉडेलला शिकवणारं या शहरात कोण आहे, ते आम्हाला माहीत नाही."

वाक्य लांब झालं होतं. तरी सगळं मिळून चाळीस सेकंदांत आटोपलं. पंचशील पुढचं काही ऐकत होते की नाही, कोण जाणे. मानसने अ‍ॅप चालवून दाखवलं. हिरवा, पिवळा, लाल. शंभरातले सत्त्याऐंशी आवाज बरोबर ओळखले होते.

प्रश्नांची वेळ आली. मधल्या परीक्षकबाई होत्या, त्या म्हणाल्या, "शिकवलेल्या मोटारींचेच आवाज परीक्षेला दिले असतील, तर सत्त्याऐंशीला अर्थ नाही."

"नाही मॅडम, परीक्षेच्या मोटारी वेगळ्या ठेवल्या होत्या, त्यांचा एकही आवाज शिकवताना दिला नाही," मानस म्हणाला.

"बरं. पण चिठ्ठ्याच चुकल्या असतील तर? त्या बरोबर आहेत, हे तुम्हाला कसं कळलं?"

पंचशीलनी हात पुढे घेतले आणि माइककडे आले.

"मॅडम, सगळ्या नाही तपासल्या," ते म्हणाले. "वेळ नव्हता. मी 'जाणार' म्हटलेल्या तीन मोटारी आज सकाळी खोलल्या. दोन मोटारींच्या बेअरिंगला आत खड्डे पडलेले होते. तिसरीत मी चुकलो. बेअरिंग चांगलं होतं, पायाचा नट ढिला होता. आवाज तसाच येतो."

मोनालीला वाटलं, संपलं सगळं.

बाई मात्र काहीतरी लिहीत होत्या. "म्हणजे ढिल्या नटाचा आवाज वेगळा ओळखायला शिकवता येईल?"

"येईल. दोन्ही आवाज मला सारखे वाटले, पण नीट ऐकलं तर ढिला नट ठोके देतो, बेअरिंग घासतं. चार-पाच मोटारींचे नट मुद्दाम ढिले करून रेकॉर्ड करावे लागतील. पोरांना सांगतो मी."

पहिलं बक्षीस दुसऱ्या टीमला गेलं, पाण्याचं काहीतरी बनवलं होतं त्यांनी. यांना दुसरं मिळालं. पण निकालाआधीच एक डाळ मिलवाले गृहस्थ पंचशीलना शोधत आले होते. "निकाळजेजी, आमच्याकडे बावीस मोटारी आहेत. मंगळवारी येता का ऐकायला?"

"पोरांना घेऊन येतो," पंचशील म्हणाले. "मी ऐकेन, यंत्र यांचं."

हॉल रिकामा झाला. कॉलेजची माणसं खुर्च्या एकावर एक रचत होती, अस्मिता वायरी गुंडाळत होती. मानस चार्जर हातात घेऊन तसाच उभा राहिला. "काका, एका खात्यात साचे किती असायचे?"

"आमच्या? चाळीस. वीस इकडे, वीस तिकडे. मधून गल्ली." पंचशीलनी टेबलावर बोटाने रेघ ओढली. मोनाली जवळ येऊन बसली. तिने हे कधीच विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. "हे फाटक समज. इथून आत आलं, की डाव्या हाताला पाण्याचा माठ. उन्हाळ्यात तिथे कायम शाम उभा. आणि इथे, या खांबापाशी, माझी तेलाची जागा..."

एक माणूस टेबल उचलायला आला. मोनालीने त्याला हाताने खूण केली, थोडं थांबा म्हणून.